मुरूम लागेपर्यंत

"पाच फूट खणू, चार बाय चारची जाळी टाकू, वर कॉलम. गावात सगळ्यांची अशीच घरं आहेत," मिस्त्री म्हणाला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीच्या पैशातून ते बांधत असलेलं हे पहिलं आणि शेवटचं घर. एकच मजला, सव्वीस बाय बत्तीस फूट, पाठीमागे कडुनिंब. बीड-परभणीच्या पट्ट्यातलं गाव, मे महिना, आणि प्लॉटवर पाऊल टाकलं की चपलेचं टोक जाईल एवढ्या भेगा.

मी मिस्त्रीला विचारलं, "गावातल्या घरांना तडे किती?"

तो हसला. "ते तर असतातच की साहेब."

ते असतातच, हे खरं आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून भिंतीच्या टोकाकडे तिरपा चढत जाणारा तडा मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात कुठेही दिसतो. मे महिन्यात त्यात बोट जातं. ऑगस्टमध्ये तो जवळजवळ मिटतो आणि मग न्हाणीघराचं दार लागेनासं होतं. लोक दर दिवाळीला त्यात लांबी भरतात आणि सिमेंटला नावं ठेवतात. तडा ऋतूबरोबर उघडत-मिटत असेल तर दोष सिमेंटचा नाही. त्या घराचा पाया अजून हलत्या मातीतच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि चवड फुगते. पाणी गेलं की ती बसते. पावसाळ्यात जमीन वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. हे फुगणं-आकसणं वरच्या थरात सर्वांत जास्त असतं आणि खोल जाऊ तसं कमी होत जातं. एका खोलीखाली मातीला पावसाळा आणि उन्हाळा यांतला फरकच कळत नाही. जमिनीची वाफ तिथपर्यंत निघून जात नाही आणि वर्षभर ओल जवळपास सारखी राहते. आपल्याकडे ही खोली साधारण दीड ते साडेतीन मीटर, म्हणजे पाच ते साडेअकरा फुटांच्या दरम्यान कुठेही असू शकते. पाया त्याच्या खाली गेला पाहिजे. आयएस १९०४ हे भारतीय मानक पायाची किमान खोली ५० सेंटीमीटर सांगतं, पण तो आकडा कुठल्याही जमिनीसाठीचा तळचा आकडा आहे. काळ्या रानात तेवढ्यावर थांबणं म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर चूल मांडण्यासारखं.

मिस्त्रीचं पुढचं उत्तर ठरलेलं होतं. "मग जाळी पाच बाय पाचची करू."

इथे बहुतेकांचं गणित उलटं होतं. रुंद पाया कशासाठी? घराचं वजन जास्त जागेवर पसरून माती दबू नये म्हणून. पण एकमजली घराच्या बाबतीत माती दबण्याची भीती कमी असते. खरी भीती ती घर उचलण्याची. भिंत, स्लॅबचा तिच्या वाट्याचा भाग आणि जोतं धरून अशा घराचं वजन भिंतीच्या एका मीटर लांबीला साधारण तीन टन भरतं. खाली अडीच फूट रुंदीचा सलग पाया असेल तर मातीवर चौरस मीटरला जेमतेम चार टन दाब येतो. फुगणारी काळी माती कोंडली गेली तर ती चौरस मीटरला दहा टनांहूनही जास्त जोराने वर ढकलू शकते. म्हणजे आपलं घर तिच्यासाठी उतू जाणाऱ्या दुधावरचं झाकण. पाया आणखी रुंद केला की दाब आणखी कमी होतो आणि झाकण आणखी हलकं. तीन-चार मजली इमारतीला त्याच मातीत कमी तडे दिसतात, त्याचं एक कारण तिचं वजन. गरिबाच्या एकमजली घराला पाया कमी लागतो, हा समज म्हणूनच काळ्या मातीत महागात पडतो.

गुरुजींना मी म्हटलं, "आधी तीन खड्डे घेऊ. खोली मग ठरवू."

पहिला खड्डा प्लॉटच्या पुढच्या बाजूला घेतला, झाडापासून लांब. मे महिना यासाठी उत्तम, कारण माती तिच्या सर्वांत कोरड्या अवस्थेत असते आणि काही लपवत नाही. सायकलची तार सरळ करून भेगेत सोडली की भेग किती खोल आहे ते कळतं. इथे तार सव्वाचार फुटांवर अडली. पाचाव्या फुटापासून मातीचा लाडू वळायला लागला, म्हणजे ओल टिकून होती. पण खड्ड्याच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत तिरप्या, तुळतुळीत, चकचकीत पट्ट्या दिसत होत्या. फुगलेल्या मातीचे ढेकळ एकमेकांवर घासले की अशा पट्ट्या पडतात. आज माती ओली असली तरी एखाद्या दुष्काळी वर्षी हलणं तिथपर्यंत पोचलं आहे, हे त्या सांगतात. भेगेची खोली एका उन्हाळ्याचा पुरावा देते, चकचकीत पट्ट्या अनेक उन्हाळ्यांचा. सहा फुटांखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळट माती लागली आणि सात फुटांवर टिकाव खणकन वाजला. मुरूम.

माती किती फुगते हे बघायचा एक स्वस्त प्रयोग आहे. कोरडी माती बारीक चाळणीने चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. एक पाण्यात, दुसरा रॉकेलमध्ये, खुणा असलेल्या काचेच्या नळ्यांत टाकून चोवीस तास ठेवायचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे ते आपलं माप. गुरुजींच्या मातीने रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर जागा घेतली, पाण्यात २१. वाढ ९ मिलिलिटर, म्हणजे पाऊणपट, ७५ टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलं की मी त्या मातीवर पाया ठेवण्याचा विचार सोडून देतो.

दुसरा खड्डा मागच्या उजव्या कोपऱ्यात, कडुनिंबापासून दहा फुटांवर. झाड पंचवीस फूट उंच होतं आणि अजून तरुण. चाळीस फुटांपर्यंत सहज जाईल असं. इथली माती पहिल्या खड्ड्याची सख्खी बहीण असूनही वेगळी वागत होती. पहिल्या खड्ड्यात पाच फुटांवर लाडू वळला, इथे सहा फुटांवरही ती हातात भुगा होत होती. भिंतीवर केसासारखी बारीक मुळं दिसत होती, थेट साडेसहा फुटांपर्यंत. झाडाचा त्रास म्हणजे जाड मुळं पाया उचकटतात, असं लोकांना वाटतं. तसं क्वचित होतं. खरा उद्योग या केसाएवढ्या मुळांचा. ती उन्हाळाभर मातीतलं पाणी ओढून घेतात आणि झाडाच्या बाजूची जमीन घराच्या बाकीच्या जमिनीपेक्षा जास्त आणि खोलवर आकसते. सगळं घर सारखं खाली गेलं तर तडा जात नाही. एक कोपरा जास्त गेला की जातो. मुळांचा पसारा साधारणपणे झाडाच्या उंचीएवढा तरी धरावा, आणि उंची आजची नाही तर पूर्ण वाढल्यावरची. चाळीस फूट वाढणारा कडुनिंब दहा फुटांवर म्हणजे घराचा निम्म्याहून जास्त भाग त्याच्या पंगतीत.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. लंडनच्या खालीही फुगणारी-आकसणारी चिकणमाती आहे. १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथे हजारो घरांना तडे गेले, त्यांतली कितीतरी मोठ्या झाडांच्या शेजारची. आता तिकडे अशा जमिनीत झाडाची जात, त्याची पूर्ण वाढलेली उंची आणि भिंतीपासूनचं अंतर, या तिन्हीवरून पायाची खोली काढतात.

"मग झाड तोडून टाकू का?" गुरुजींनी विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोडून लगेच बांधणं हे ठेवण्यापेक्षाही वाईट. झाड गेलं की त्याने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी परत पिऊ लागते आणि फुगते. हे एका पावसाळ्यात संपत नाही, खोल चिकणमातीत कित्येक वर्षं चालतं. घर बांधून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक कोपरा वर येऊ लागतो आणि तेव्हा झाड होतं हेही लोक विसरलेले असतात. प्लॉटवर ताजा बुंधा दिसला तर मी त्याला उभ्या झाडाइतकंच वजन देतो. पण इथे सुटका वेगळीच होती. या खड्ड्यातही साडेसात फुटांवर मुरूम लागला. मुरूम हा झिजलेला बेसाल्ट, काळा पाषाण. पक्का असेल तर पाणी काढून घेतलं म्हणून तो आकसत नाही. पाया त्यात रुतला की कडुनिंबाने हवं तेवढं प्यावं. झाडाची भीती मातीवर अवलंबून असते. मुरमात, वाळूत तोच कडुनिंब निरुपद्रवी शेजारी.

तिसरा खड्डा मागच्या डाव्या कोपऱ्यात. तिथली जागा का कोण जाणे मला आवडली नव्हती. आजूबाजूला वाळलेलं गवत आणि तिथे मात्र जमीन थोडी खोलगट. पहार मारली तर हाताच्या जोरावर दोन फूट आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी. खणल्यावर राख निघाली, बांगड्यांचे तुकडे, कुजलेलं शेण, एक प्लॅस्टिकची चप्पल. गुरुजींच्या शेजारच्या म्हातारीने बसल्या जागेवरून सांगितलं, "अहो, आमचा उकिरडा होता तिथं. नंतर बुजवला."

मराठीत काळी आणि पांढरी अशी जोडी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुनी माणसं काळीत घर बांधत नसत. गाव वसे उंचवट्यावर, मुरमाड माळावर. पण पांढरीलाही तिची कटकट आहे. पडलेल्या धाब्याच्या घरांची माती शतकानुशतकं तिथेच पसरत आलेली, मध्ये उकिरडे, बुजवलेल्या विहिरी आणि पेवं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. भाषेत 'पेव फुटणं' राहिलं, पण जमिनीत पेव कुठे होतं हे सांगणारं कुणी राहिलं नाही. गुरुजींचा प्लॉट नेमका गावठाणाच्या सीमेवरचा, एक पाय काळीत आणि एक पांढरीत.

सैल भराव काळ्या मातीपेक्षा वेगळ्या रीतीने दगा देतो. काळी माती दर वर्षी वर-खाली होते. भराव एकदाच आणि एकाच दिशेने जातो, खाली. कोरडा असताना तो घराचं वजन निमूट पेलतो. पहिला मोठा पाऊस आत उतरला किंवा न्हाणीची नळी गळली की कणांमधल्या पोकळ्या कोसळतात आणि तो भसकन बसतो. शेणासारखं कुजणारं काही असेल तर पुढेही बसतच राहतो. इथल्या तड्याची ओळख अशी की तो ऋतूबरोबर मिटत नाही, फक्त वाढतो. भरावावर पाया ठेवायचाच नाही, तो कितीही जुना असो. वीस वर्षं झाली, आता माती बसली असेल, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वाद घालणं सोडून दिलं. न ठोकलेल्या भरावाला पाणी मिळेपर्यंत वयाचा उपयोग फार कमी.

भराव ओळखायची जुनी युक्ती सुंदर आहे आणि ती वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे: हातभर लांब-रुंद-खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जागा चांगली, कमी पडली तर वाईट. घट्ट, निसर्गतः बसलेली माती खणल्यावर मोकळी होते आणि जास्त जागा घेते, म्हणून ती उरते. आधीच सैल असलेली माती पुन्हा भरताना पायाने दबून कमी पडते. तिथे तिला शुभ-अशुभाची भाषा आहे, पण पदार्थविज्ञान बरोबर आहे. मिस्त्रीने ती दोन्ही कोपऱ्यांत करून बघितली. पुढे दोन घमेली उरली; उकिरड्यावर खड्डा विटेच्या उंचीएवढा रिकामा राहिला.

त्या कोपऱ्यात भराव साडेचार फूट होता, त्याखाली काळी माती आणि मुरूम आठ फुटांवर. आता तिन्ही खड्ड्यांचे आकडे समोर होते: सात, साडेसात, आठ. ऋतूचं हलणं सहा फुटांवर संपत होतं, भराव साडेचारवर, मुळं साडेसहावर. तिन्हींपैकी जे सर्वांत खोल, त्याच्या खाली जायचं, हा नियम. आणि त्याखाली अर्ध्याच फुटावर मुरूम असेल तर थांबण्यात अर्थ नाही. प्रत्येक फूटिंग मुरमात सहा इंच रुतवायचं ठरलं. पुढे साडेसात फूट, कडुनिंबाकडे आठ, उकिरड्यात साडेआठ. मधल्या खड्ड्यांत जिथे मुरूम लागेल तिथून सहा इंच. खोली नकाशावर लिहिली नाही. "पक्क्या मुरमात सहा इंच" एवढंच लिहिलं.

मिस्त्रीची चिंता खर्चाची होती, आणि ती खोटी नव्हती. सलग भिंतीखाली चर खणायचा तर आतल्या भिंती धरून लांबी दीडशे फूट. तीन फूट रुंद, साडेसात खोल म्हणजे जवळपास ३४ ब्रास खोदाई. त्याऐवजी बारा कॉलम आणि साडेचार फूट चौरसाचे बारा खड्डे घेतले तर १८ ब्रास. चार बाय चारचं फूटिंग पुरलं. घराचं एकूण वजन सुमारे १३० टन, म्हणजे कॉलमला सरासरी अकरा टन. मधल्या कॉलमला पंधरा धरले तरी मुरमावर चौरस मीटरला दहा टन दाब येतो, आणि पक्का मुरूम त्याच्या दुप्पट सहज पेलतो. मिस्त्रीची जाळी बरोबर होती, फक्त ती अडीच-तीन फूट वर टाकणार होता. शेजारच्या दोन फूटिंगांच्या खोलीत एक फुटाचा फरक येत होता. चिकणमातीत असा फरक असेल तर दोन्हींच्या जवळच्या कडांमधलं आडवं अंतर त्या फरकाच्या दुप्पट तरी असावं, नाहीतर वरच्या फूटिंगचं वजन खालच्या खड्ड्याच्या भिंतीवर येतं. इथे कॉलम दहा फुटांहून जास्त लांब होते, दोन फुटांचा प्रश्नच नव्हता.

पाया मुरमात गेला म्हणजे काळी माती गप्प बसत नाही. ती कॉलमच्या अंगाला धरून वर ओढते आणि जोत्याच्या बीमला खालून ढकलते. म्हणून कॉलमभोवती खणलेली काळी माती परत टाकली नाही. मुरूम आणून सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून ठोकला. वाळू भरू नये. वाळूचा खड्डा काळ्या मातीत हौद होतो आणि शेजारच्या मातीला वर्षभर पाणी पाजतो. प्लिंथ बीमच्या खाली तीन इंच पोकळी सोडली, माती फुगली तर तिला जागा असावी म्हणून. फरशीखालची दोन फूट काळी माती काढून तिथेही ठोकलेला मुरूम, आणि घराभोवती चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंद पट्टा. दोन फुटांनी फरशीचा धोका कमी होतो, संपत नाही. मधल्या खोलीची फरशी थोडी उचलली तर आश्चर्य वाटू देऊ नका, हे गुरुजींना आधीच सांगितलं.

खोदाई जूनच्या आधी उरकली, हे महत्त्वाचं. काळ्या मातीच्या आठ फूट खड्ड्याची उभी भिंत उन्हाळ्यात ताठ दिसते, पण तिच्यात भेगा असतातच; एका सरीत ती आतल्या माणसावर कोसळते. पाच फुटांच्या खाली माणूस उतरवायचा तर वरची बाजू तिरपी कापायची किंवा फळ्यांचा आधार द्यायचा. आम्ही कापली. मुरूम उघडा पडला त्याच दिवशी बेड काँक्रीट टाकलं. एका खड्ड्यात वळवाचं पाणी शिरलं, तेव्हा तळाचा मऊ झालेला दोन इंच थर खरवडून काढला.

मुरूम प्रत्येकाच्या नशिबात आठ फुटांवर नसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोल्याकडे, काळी माती आणि तिच्याखालची पिवळी चिकणमाती इतकी खोल आहे की तिथे मुरूम शोधत जाणं म्हणजे विहीर खणणं. अशा ठिकाणी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवलेले, तळाशी फुगीर बोंड असलेले छोटे पाइल वापरतात. हाताने फिरवायच्या गिरमिटाने दहा-बारा इंच व्यासाचं भोक किमान साडेतीन मीटर पाडायचं, तळाशी खास पात्यांनी अडीचपट व्यासाची पोकळी कापायची आणि लोखंडाची जाळी सोडून काँक्रीट ओतायचं. बोंड ऋतू न पोचणाऱ्या खोलीत अडकतं, त्यामुळे वरची माती कितीही उपसली तरी पाइल वर येत नाही. जवळ झाड असेल तर मात्र साडेतीन मीटरवर विसंबू नये. मुळं आणि कोरडी माती कुठवर आहेत ते बघून लांबी वाढवावी.

गुरुजींना कडुनिंबाखाली एक ओटा हवा होता, संध्याकाळी बसायला. तो मुरमापर्यंत नेणं परवडणारं नव्हतं. मग तो घराला न जोडता दीड इंचाची फट सोडून बांधला, दोन फूट पायावर, आणि फटीत डांबरी फळी बसवली.

"हा हलेल?" त्यांनी विचारलं.

"हलेल," मी म्हटलं. "घराला न ओढता हलेल."

पुढच्या मे महिन्यात गेलो तेव्हा ओट्याचं झाडाकडचं टोक पाऊण इंच खाली गेलं होतं. चहाची बशी ठेवली तर चहा एका बाजूला जमत होता. मिस्त्रीने घराच्या मागच्या भिंतीला ओळंबा लावून बघितला, मग खिडकीचे चारी कोपरे बघितले, आणि काही न बोलता ओळंब्याची दोरी गुंडाळली.